डिजिटल मार्केटिंगचा रिझ्युम: आकडे आणताना काय आणावे, आम्ही ते कसे लिहितो

आमच्या दुकानात रिझ्युम करायला येणाऱ्यांमध्ये आता डिजिटल मार्केटिंगवाली मुलंमुली बरीच असतात. कोणी गावाजवळच्या कृषी केंद्राचं पेज सांभाळलेलं असतं, कोणी ट्रॅक्टरच्या शोरूमचं, कोणी कोचिंग क्लासचं. नोकरी मात्र नागपूर-पुण्याच्या एजन्सीत हवी असते. तिथे रिझ्युम वाचणारा माणूस रोज असलेच आकडे पाहतो. त्यामुळे फुगवलेला आकडा त्याला चटकन कळतो आणि अर्धवट आकड्यावर तो पहिलाच प्रश्न टाकतो. हे पत्रक त्यासाठी आहे. दुकानात येण्याआधी एकदा वाचून घ्या.

एक उदाहरण धरून चालू

समजा, वरूड तालुक्यातल्या एका मुलीने शेंदुरजना घाटच्या संत्रा रोपवाटिकेसाठी मे आणि जून असे दोन महिने फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात चालवली. काम एकच, पावसाळी लागवडीसाठी कलमांचं बुकिंग आणायचं. जाहिरात वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड एवढ्याच भागात दाखवली. ती दुकानात येते आणि तिच्या मोबाइलमध्ये लिहून आणलेलं असतं:

“२ लाख लोकांपर्यंत पोहोच. ६०० लीड. फॉलोअर्समध्ये १५० टक्के वाढ.”

(आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, रोपवाटिकाही कुठली खरी धरू नका. पण असा मजकूर मात्र आमच्याकडे नेहमी येतो.) या तीन वाक्यांतलं पहिलं चूक आहे, दुसरं अर्धं आहे आणि तिसऱ्याला आधार नाही. तरी काम चांगलं झालेलं असू शकतं! ते कसं, बघा.

रीचची बेरीज होत नाही

मेमध्ये रीच १ लाख १० हजार, जूनमध्ये ९० हजार, म्हणून २ लाख. हिशेब सरळ वाटतो, पण रीच म्हणजे वेगवेगळी माणसं किती. मेमध्ये ज्या शेतकऱ्याला जाहिरात दिसली त्यालाच ती जूनमध्येही दिसली असेल, तर बेरजेत तो दोनदा धरला जातो. Ads Manager मध्ये तारखांची निवड १ मे ते ३० जून अशी एकत्र करा आणि Reach चा रकाना पुन्हा पाहा. आमच्या उदाहरणात तो १ लाख ४५ हजार निघतो. तोच लिहायचा, तोही “सुमारे” लावून, कारण तो आकडा मेटाने काढलेला अंदाज असतो. इम्प्रेशन्स म्हणजे जाहिरात एकूण किती वेळा दिसली. तो आकडा मोठा दिसतो म्हणून कोणी रीचच्या जागी टाकतो. एजन्सीतला माणूस हे लगेच धरतो.

खरं सांगायचं तर रीचला रिझ्युममध्ये एका ओळीपेक्षा जास्त जागा देऊ नये. पैसे खर्च केले की रीच येतोच.

लीडचा खर्च: इथे थोडं थांबा

दोन महिन्यांत जाहिरातीवर ३६ हजार रुपये गेले आणि ६०० लीड आल्या, म्हणजे एका लीडला ६० रुपये पडले. एवढं लिहून बहुतेक जण पुढे जातात. आम्ही मात्र महिने वेगळे करायला सांगतो.

मेमध्ये १८ हजारांत ४०० लीड आल्या, दर ४५ रुपये. जूनमध्ये तेवढ्याच १८ हजारांत २०० लीड आल्या, दर ९० रुपये. वरवर पाहिलं तर पोरीने काम बिघडवलं, खर्च दुप्पट केला.

आता फोन लावल्यावर काय झालं ते पाहू. मेच्या ४०० जणांपैकी खरोखर कलमं घ्यायची होती अशांची संख्या ८०. बाकी कोणी फोन उचलला नाही, कोणाचं शेतच नाही, कोणी म्हणालं, “म्या तं फोटो पाहाले दाबलं होतं भाऊ, मले कलमा नाही पायजे.” फेसबुकचा फॉर्म नाव आणि नंबर आपोआप भरून देतो. त्यामुळे बोट लागलं तरी लीड तयार होते. हे ओळखून तिने जूनमध्ये फॉर्मचा प्रकार More volume वरून Higher intent केला. त्यात पाठवण्याआधी आपली माहिती एकदा तपासून पक्की करावी लागते. शिवाय “किती कलमं लागतील?” आणि “ओलिताची सोय आहे का?” असे दोन प्रश्न टाकले. लीड निम्म्यावर आल्या, पण त्या २०० पैकी १२० जण खरे निघाले.

म्हणजे खऱ्या चौकशीमागे खर्च मेमध्ये १८,००० भागिले ८०, म्हणजे २२५ रुपये, आणि जूनमध्ये १८,००० भागिले १२०, म्हणजे १५० रुपये. लीडचा दर वाढला आणि कामाच्या लीडचा दर उतरला. रिझ्युममध्ये सगळ्यात आधी हीच ओळ यायला हवी, आणि ती “६०० लीड” या वाक्यात पार बुडाली होती.

खर्च लिहिताना एक बारीक गोष्ट. Ads Manager चा Amount spent हा रकाना कर धरत नाही. बिलावर वर १८ टक्के जीएसटी लागतो. ३६ हजारांचे बिलात ४२,४८० होतात. कुठलाही धरा, पण दोन्ही महिन्यांना एकच धरा आणि “जीएसटी वगळून” की “जीएसटी धरून” ते लिहा. मालकाने सांगितलेला खर्च आणि स्क्रीनवरचा खर्च जुळत नसेल तर आधी हेच तपासा.

कन्व्हर्जन: कशातून किती?

नुसतं “कन्व्हर्जन २६ टक्के” लिहिलं तर त्याचा अर्थ लागत नाही. आमच्या उदाहरणात अ‍ॅडव्हान्स देऊन झालेली बुकिंग ५२ आहेत. २०० खऱ्या चौकशींपैकी ५२ म्हणजे २६ टक्के. ६०० लीडपैकी ५२ म्हणजे साडेआठ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही बरोबर, पण कशाला भागलं ते ओळीत दिसलं पाहिजे.

ही ५२ बुकिंग जाहिरातीचीच कशावरून? रोपवाटिकेच्या वहीत गिऱ्हाईकाचं नाव असतं, जाहिरातीचं नसतं. त्यासाठी मोबाइल नंबर जुळवावे लागतात. लीडची फाइल एक्सेलमध्ये उघडली की नंबरापुढे देशाचा कोड लागलेला दिसतो. म्हणून शेवटचे दहा आकडेच घ्यायचे. लीडचे नंबर ए रकान्यात आणि वहीतले नंबर बी रकान्यात टाकून तिसऱ्या रकान्यात हे लिहा:

```
=COUNTIF(B:B,RIGHT(A2,10))
```

शून्य आलं तर तो नंबर वहीत नाही, एक किंवा जास्त आलं तर आहे. यात एक गोम आहे. आपल्याकडे फॉर्म पोराच्या मोबाइलवरून भरला जातो आणि बुकिंग बापाच्या नावाने, बापाच्या नंबरावर होतं. अशी बुकिंग सूत्रात सापडत नाहीत. वहीतली राहिलेली नावं घेऊन मालकासोबत बसा आणि गाव-आडनावावरून ओळखा. जी ओळखू येणार नाहीत ती सोडून द्या.

आणखी एक खबरदारी. मेमध्ये ८० पैकी १६ बुकिंग झाली, जूनमध्ये १२० पैकी ३६. म्हणजे २० टक्क्यांवरून ३० टक्के. ही सगळी वाढ फॉर्मच्या बदलाची म्हणू नका. पाऊस जवळ आला की कलमांची घाई आपोआप होते, हे रोपवाटिकेतला कोणीही सांगेल. मुलाखतीत ही गोष्ट तुम्हीच आधी बोललात तर समोरच्याचा तुमच्या बाकी आकड्यांवर विश्वास बसतो.

फॉलोअर्स

१५० टक्के वाढ ऐकायला भारी. पेज १,२०० वरून ३,००० वर गेलं आणि त्याला आठ महिने लागले, असं पूर्ण लिहा. टक्क्यासोबत सुरुवातीचा आकडा नसेल तर वाचणारा गृहीत धरतो की सुरुवात फार छोटी होती. इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये फॉलोअर्स कुठल्या शहरांचे आहेत ते दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट आणा. एखादी रील दूरच्या राज्यात चालली आणि हजार माणसं तिकडची जोडली गेली, तर संत्र्याच्या कलमांना त्यांचा उपयोग नाही. तसं असेल तर ही ओळ आम्ही खाली ढकलतो, कधी कधी काढूनच टाकतो.

शेवटी रिझ्युममध्ये काय उतरतं

इंग्रजी मजकूर आम्ही करून देतो. अर्थ असा असतो:

“संत्रा रोपवाटिका, अमरावती जिल्हा. मे-जून, दोन महिने. जाहिरात खर्च ३६ हजार रुपये, जीएसटी वगळून. लीड फॉर्ममध्ये पडताळणी आणि दोन प्रश्न वाढवून खऱ्या चौकशीमागचा खर्च २२५ वरून १५० रुपयांवर आणला. २०० खऱ्या चौकशींतून ५२ अ‍ॅडव्हान्स बुकिंग, नंबर जुळवून मोजलेली. चार तालुक्यांत रीच सुमारे १ लाख ४५ हजार.”

चार-पाच ओळींत काम संपतं. हिशेबाची सविस्तर चिठ्ठी आम्ही वेगळ्या पानावर काढून देतो. ती रिझ्युमला जोडायची नसते, मुलाखतीला जाताना बसमध्ये वाचायची असते.

येताना काय आणायचं

Ads Manager चे स्क्रीनशॉट आणा, त्यात तारखांची निवड दिसली पाहिजे. लीडची फाइल वेळेत उतरवून ठेवा. फेसबुकवरून ती ९० दिवसांपर्यंतच डाउनलोड करता येते, नंतर तुमच्याकडे फक्त एकूण आकडा उरतो आणि जुळवाजुळव करता येत नाही. नोकरी सोडली की पेजचा अ‍ॅक्सेसही जातो, त्यामुळे हे काम राजीनाम्याआधीच उरका. फाइल मात्र मालकाची आहे, त्याला विचारून घ्या. शेतकऱ्यांची नावं-नंबर असलेला कागद आमच्याकडे ठेवू नका. जुळवणी तुमच्याच मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर करा आणि आम्हाला फक्त बेरजा द्या.

खर्चाचा आकडा छापायला मालक तयार नसेल तर रुपये काढून टक्के लिहितो. २२५ वरून १५० म्हणजे खऱ्या चौकशीमागचा खर्च एक तृतीयांशाने कमी, एवढंही पुरतं. धंद्याचं नाव नको असेल तर नुसतं “संत्रा रोपवाटिका” असं टाकतो.

काही आकडे मिळालेच नाहीत तर ती ओळ आकड्याशिवाय लिहू. अंदाजाने भरून द्या म्हणाल तर ते आम्ही करत नाही.

बाजाराच्या दिवशी झेरॉक्सची गर्दी असते, त्या दिवशी हे काम घेत नाही. इतर दिवशी दुपारनंतर या, निवांत बसून करता येतं.