आठ बटणं एकदम बंद पडली तर सर्व्हिस सेंटरला काय लिहायचं

माझा भाचा लातूरला शिकायला आहे, त्याच्या लॅपटॉपची आठ बटणं एकदम बंद पडली, 4, 5, R, T, F, G, V आणि B. वॉरंटी चालू होती, पण काउंटरवरच्या पोराने वरवर बघून सांगितलं की सगळी बटणं एकाच जागची आहेत म्हणजे पाणी सांडलंय, नाहीतर कूलरची ओल गेलीय, हे वॉरंटीत बसत नाही. भाचा म्हणाला, "मामा, पाण्याचा थेंब पण नाही पडला हो." मी म्हटलं, थांब, आपण लेखी देऊ, आणि त्यात कुणाचा दोष ते न लिहिता नेमकं काय दिसतंय तेवढंच लिहू.

आता ही आठच बटणं का गेली ते समजून घ्या, सगळं पत्र त्याच्यावरच उभं आहे. लॅपटॉपमधे प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते, ऐंशीच्या वर बटणं, तेवढ्या तारा बसवणार कुठे. बटणांखाली प्लास्टिकचे पातळ पडदे असतात, त्यावर चांदीच्या शाईच्या रेघा छापलेल्या, काही उभ्या काही आडव्या, शेताला बांध घातल्यासारख्या. समजा 16 उभ्या आणि 8 आडव्या, म्हणजे 24 रेघांत 128 छेद मिळतात. बटण दाबलं की त्या जागी उभी आणि आडवी रेघ एकमेकीला टेकते. कंट्रोलर चिप एकेका रेघेवर पाळीपाळीने सिग्नल सोडते आणि तो दुसऱ्या कोणत्या रेघेवर निघाला ते बघते, हे सेकंदाला कितीतरी वेळा चालतं, त्यावरून कोणतं बटण दाबलं ते तिला कळतं.

म्हणजे एक उभी रेघ सुरुवातीलाच तुटली की तिच्यावरची सगळी बटणं जातात, जास्तीत जास्त आठ. कोणती बटणं एका रेघेवर हे प्रत्येक मॉडेलमधे वेगळं असतं, पण 4-5, R-T, F-G, V-B ही जोडगोळी एकाच रेघेवर ठेवायची पद्धत बऱ्याच कीबोर्डात आहे. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं एका जागी पाणी पडलं, पण खरी खूण कडेला आहे. डावीकडची 3, E, D, C आणि उजवीकडची 6, Y, H, N अगदी ठणठणीत, आणि पाणी काही रेघ आखून थांबत नाही. सांडलेल्याची लक्षणं वेगळी असतात, एखादं बटण चिकटतं, एक दाबलं की दोन अक्षरं उमटतात, आज दोन बटणं गेली तर परवा शेजारची तिसरी जाते.

तरी एवढ्यावरून पाणी नव्हतंच असं छातीठोक सांगता येत नाही, कारण ओलीने एकच रेघ खाल्ली असं पण होऊ शकतं. पण मग उघडल्यावर ती रेघ काळी पडलेली दिसते, आणि बऱ्याच लॅपटॉपात पाणी लागलं की रंग बदलणारं स्टिकर आत असतं ते पण सांगतं. म्हणून उघडून बघणं हीच आपली मागणी.

पत्राआधी दोन तपासण्या केल्या. बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावला तर तीच आठ अक्षरं नीट उमटली. मग विंडोज चालू व्हायच्या आधी बायोसमधे जाऊन पासवर्डच्या रकान्यात एकेक बटण दाबलं, चालू बटणाला टिंब उमटतं, या आठांना उमटलं नाही, नंतर काही सेव्ह न करता बाहेर आलो. म्हणजे विंडोज किंवा ड्रायव्हरचा संबंध नाही. दोन्हीचा व्हिडिओ काढून ठेवला.

पत्र असं लिहिलं:

"महोदय, सोबतच्या बिलाच्या आणि सिरीयल नंबरच्या लॅपटॉपची 4, 5, R, T, F, G, V, B ही आठ बटणं एकाच वेळी बंद पडली आहेत. शेजारची सर्व बटणं चालू आहेत, कोणतंही बटण चिकटत नाही. बाहेरचा कीबोर्ड चालतो, बायोसमधेही हीच आठ बंद आहेत. बिघाड कीबोर्ड, त्याला मदरबोर्डाशी जोडणारी पट्टी, कनेक्टर की मदरबोर्ड यापैकी कुठे आहे ते तपासून वॉरंटीत दुरुस्त करावा. लॅपटॉप माझ्यासमोर उघडावा. द्रवामुळे बिघाड असं आढळल्यास खराब झालेल्या जागेचा फोटो आणि कारण जॉबशीटवर लेखी द्यावं."

"कीबोर्ड बदलून द्या" असं मुद्दाम लिहिलं नाही. पट्टी कनेक्टरमधून सरकली किंवा बोर्डावरची चिप गेली तरी हेच लक्षण दिसतं, मग नवा कीबोर्ड टाकून पण बटणं बंदच राहतात आणि ते म्हणतात तुम्ही मागितलं ते दिलं. आणि फोटोचा आग्रह यासाठी की आजकाल बऱ्याच लॅपटॉपात कीबोर्ड वरच्या पॅनलला प्लास्टिक वितळवून पक्का केलेला असतो, सबंध पॅनलच बदलावं लागतं, वॉरंटी नाकारली की तो सगळा खर्च गिऱ्हाइकाच्या माथी.

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्या. लेखी कारण दिलंच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवता येते, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर बिघाड झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, तिथं ही पोच आणि जॉबशीटच कामाला येते. दुरुस्त होऊन आला की डिलिव्हरीची सही करायच्या आधी तिथंच सगळी बटणं दाबून बघा, फक्त ती आठ नाही, कारण पट्टी जराशी तिरकी बसली तरी दुसरीच एखादी रेघ बंद राहते.