वाळलेल्या द्राक्षातली गोडी आणि आखाजीची पुरणपोळी

गेल्या आखाजीला धाकटा भाऊ नाशिकहून लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां या गोड वाईनची बाटली घेऊन धुळ्याला आला. जेवणात खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. गोडाबरोबर गोड, असं समजून आम्ही पोळीबरोबरच ती वाईन घेतली. पहिला घोट घेताच वहिनी म्हणाली, "भाऊ, ही तर आंबट लागते!" मलाही तशीच लागली. अर्ध्या तासाने, तोंड धुऊन, तीच वाईन केळीच्या खारट वेफर्सबरोबर घेतली, तर मधासारखी गोड. वाईन बदलली नव्हती, आमची जीभ बदलली होती.

मुळात या वाईनमध्ये साखर वरून घातलेली नसते. द्राक्षातलं पाणी कमी करून ती दाट केलेली असते. काकवीसाठी उसाचा रस आटवतो तसंच, फक्त इथे चूल नाही. अडचण सालीची आहे. द्राक्षावर जी पांढुरकी झाक दिसते ते मेण असतं आणि ते पाणी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून तर बेदाणे करणारे द्राक्षं आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवतात. त्याने मेणाचा थर विस्कटतो आणि पाणी लवकर उडतं.

फ्रान्समधल्या सोटर्न भागात हेच काम एक बुरशी करते. तिचं नाव बोट्रायटिस सिनेरिया. आपले द्राक्ष बागायतदार तिला करडी बुरशी म्हणून ओळखतात आणि तिच्यापासून बाग वाचवतात. तिचे बारीक तंतू साल पोखरतात, विकरांनी ती विरघळवतात आणि सुईच्या टोकाहून लहान छिद्रं पडतात. सिरों ही थंड नदी गारोन नदीला मिळते, तिथे शरद ऋतूत सकाळी धुकं साचतं. त्या ओलीत बुरशी वाढते. दुपारी ऊन पडतं, बुरशी थांबते आणि छिद्रांतून पाणी उडून जातं. हा फेरा काही आठवडे चालला की पिकलेलं सोनेरी द्राक्ष आधी जांभळट तपकिरी होतं आणि मग सुरकुततं.

गणित मांडून बघू. समजा 1 किलो रसात 220 ग्रॅम साखर आहे. 450 ग्रॅम पाणी उडालं आणि बुरशीने स्वतःच 40 ग्रॅम साखर खाल्ली. उरला 510 ग्रॅम रस आणि त्यात 180 ग्रॅम साखर, म्हणजे जवळपास 35 टक्के. अशा दाट रसाच्या एका लिटरमध्ये साधारण 400 ग्रॅम साखर भरते. एक टक्का अल्कोहोल व्हायला लिटरमागे 17 ग्रॅमच्या आसपास साखर लागते आणि 14 टक्क्यांच्या सुमारास साखरेचं अल्कोहोल करणारं यीस्ट दमतं. म्हणजे 240 ग्रॅम साखर संपते, 160 ग्रॅम तशीच राहते. हीच ती गोडी.

बुरशी आंबटपणाही खाते, विशेषतः टार्टारिक आम्ल. बदल्यात ग्लिसरॉल देते, त्याने वाईन जिभेवर स्निग्ध लागते, आणि मध, जर्दाळूची आठवण करून देणारे वासही येतात. नुसत्या वाळवण्याने हे वास मिळत नाहीत. पण धुकं उठलंच नाही किंवा पाऊस थांबलाच नाही तर हीच बुरशी घड सडवते. साल फाटते, चिलटं जमतात, व्हिनेगरचा वास येतो. असा मणी कापून टाकावाच लागतो, म्हणून तोडणारे एकाच वेलीवर अनेकदा फेऱ्या मारतात. तरीही जमत नाही तेव्हा काय होतं? 2012 मध्ये सोटर्नमधल्या शातो दिकेम या नामांकित वाईनरीने आपली गोड वाईन काढलीच नाही.

आपल्याकडे ते धुकं नाही. तापीकाठी, नाहीतर बागलाणातही, द्राक्ष वेलीवर उशिरापर्यंत ठेवलं तर कोरड्या हवेत ते नुसतं सुकतं. लेट हार्वेस्ट म्हणतात ते हेच. पण उन्हात मॅलिक आम्ल घटतं, वाईन नुसती गोड आणि पोचट होते. शेनिन ब्लां ही द्राक्षाची जात आंबटपणा बऱ्यापैकी टिकवून धरते, म्हणून या कामाला ती बरी.

आता आखाजीकडे. आमरसाची गोडी जिभेवर बसली की जीभ गोडाला सरावते, मग वाईनमधली साखर जाणवत नाही आणि मागे उरतो फक्त आंबटपणा. म्हणून पदार्थ वाईनपेक्षा कमी गोड हवा. पुरणपोळी, दराबा, दोन्ही नकोत. शेवभाजीही नको, मिरचीची आग अल्कोहोलने भडकते. फ्रान्समध्ये सोटर्नबरोबर खारट रॉकफर चीज खातात, आपल्याकडे ते काम जळगावचे खारट केळी वेफर्स करतात. खारे शेंगदाणे किंवा तुपात परतलेलं, मीठ भुरभुरलेलं पनीरही चालतं. बाटली फ्रीजमधून काढून दहा अंशांच्या आसपास ओतावी. आखाजीच्या उन्हात पेला पटकन तापतो, म्हणून एका वेळी अर्धी वाटीच ओतावी आणि बाटली लगेच परत फ्रीजमध्ये ठेवावी.