घरची जुनी कागदपत्रे अभिलेखागारास देताना: देणगीपत्र आणि त्यातील अटी

बडोदा संस्थानचे दफ्तर सांभाळणाऱ्या दक्षिण वर्तुळ अभिलेखागारास किंवा शहरातील एखाद्या ग्रंथालयास वाड्यातील मोडी कागद आणि छायाचित्रे द्यायची असल्यास पत्र कोणी लिहावे, हे आधी ठरवावे. कागद वडिलोपार्जित असतील, तर ते एकट्या थोरल्या भावाचे नसतात. म्हणून लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणींसह सर्व वारसांची सही असलेले संमतिपत्र, अर्जदाराच्या ओळखपत्राची प्रत आणि क्रमांक घातलेली यादी पत्रासोबत जोडावी. ‘जुनी पत्रे, एक गाठोडे’ अशी नोंद पुढे वादाला जागा ठेवते, ‘क्र. 14, वाटणीपत्र, मोडी, 3 पाने, कडा कसरीने खाल्लेल्या’ अशी नोंद चालते.

घर अजून कुटुंबाच्या मालकीचे असेल, तर खरेदीखत आणि मालकी सिद्ध करणारे इतर मूळ दस्त देऊ नयेत, कारण घर विकताना ते खरेदीदारास द्यावे लागतात. त्यांच्या प्रती द्याव्यात.

जंगम वस्तूंच्या देणगीस नोंदणीकृत दस्त आवश्यक नाही. वस्तू प्रत्यक्ष ताब्यात दिल्याने आणि देणगीदाराच्या हयातीत ती स्वीकारली गेल्याने देणगी पूर्ण होते. त्यामुळे यादीच्या प्रत्येक पानावर संस्थेची सही, शिक्का आणि तारीख घ्यावी.

खरी अडचण अटींत येते. ‘आम्हाला वाटेल तेव्हा कागद परत घेऊ’ असे अनेकजण भाबडेपणाने लिहितात. परंतु मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 126 नुसार केवळ देणगीदाराच्या मर्जीवर रद्द होऊ शकणारी देणगी तेवढ्यापुरती निरर्थक ठरते. ‘कुटुंबाच्या परवानगीशिवाय दाखवू नये’ ही अटही व्यवहारात टिकत नाही, कारण तीस वर्षांनी परवानगी कोणाकडे मागायची, हे संस्थेला कळत नाही. त्याऐवजी तारीख लिहावी. समजा, आजीच्या खाजगी पत्रांत हयात नातेवाइकांची नावे आहेत. तर अट अशी असावी: ‘यादीतील क्र. 21 ते 38 ही पत्रे 31 डिसेंबर 2045 पर्यंत अभ्यासकांना दाखवू नयेत. त्यानंतर ती आपोआप खुली होतील.’

छायाचित्रांबाबत कागदाची मालकी आणि छापण्याचा हक्क वेगळे असतात. स्टुडिओत काढलेल्या चित्राचा हक्क कुटुंबाकडे असेलच असे नाही, म्हणून ‘माझ्याकडे जेवढा हक्क आहे तेवढा’ हे शब्द घालावेत. मुदत आणि प्रदेश यांचा उल्लेख नसेल, तर प्रतिमुद्राधिकार अधिनियम, 1957 नुसार परवानगी पाच वर्षांची आणि भारतापुरती मानली जाते. संकेतस्थळावर चित्रे ठेवायची असतील, तर ‘हक्काच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभर’ असे स्पष्ट लिहावे आणि चित्राखाली कुटुंबाचे नाव कसे छापावे, तेही तिथेच नमूद करावे.

कागद संस्थेने नाकारले किंवा दुबार निघाले, तर ते कोणत्या पत्त्यावर परत करायचे, हे शेवटच्या परिच्छेदात लिहून दोन प्रतींवर सह्या घ्याव्यात. त्यातील एक प्रत घरी ठेवावी.