गार्च प्रतिमान : शेअर निर्देशांकाच्या दैनिक परताव्यातील अस्थिरता

शेअर निर्देशांकाचा आजचा परतावा पाहून उद्याचा निर्देशांक वर जाईल की खाली, हे जवळजवळ सांगता येत नाही. हालचाल मोठी असेल की लहान, हे मात्र बऱ्याच अंशी सांगता येते, कारण मोठ्या चढउतारांचे दिवस एकामागोमाग, झुंडीने येतात. बनुआ मांडेलब्रो यांनी १९६३ मध्ये कापसाच्या भावांचा अभ्यास करताना हे नोंदवले होते. या झुंडींना गणिती रूप देणारे सर्वाधिक वापरातले प्रतिमान म्हणजे गार्च.

त्याचा उगम शेअर बाजारात नाही. रॉबर्ट एंगल यांनी १९८२ मध्ये मांडलेले मूळ ‘आर्च’ प्रतिमान ब्रिटनमधील महागाईच्या आकड्यांवर बेतलेले होते. त्यात आजचे प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) मागील काही धक्क्यांच्या, म्हणजे अनपेक्षित बदलांच्या, वर्गांवरून ठरे. परंतु चढउतारांचा प्रभाव दीर्घकाळ टिकत असल्याने मागचे बरेच धक्के, आणि त्यामुळे बरेच गुणांक, घ्यावे लागत. एंगल यांचे विद्यार्थी टिम बोलर्सलेव्ह यांनी १९८६ मध्ये कालचे प्रचरणच सूत्रात घेऊन ही अडचण सोडवली. त्याच वर्षी स्टीफन टेलर यांनीही स्वतंत्रपणे हेच सूत्र मांडले होते. सामान्यतः श्रेय बोलर्सलेव्ह यांना दिले जाते. व्यापक रूप आणि त्याचे गुणधर्म त्यांनी सिद्ध केले हे खरे, तरी एक-एक पदाच्या रूपापुरता दोघांचा समान उल्लेख करणे अधिक न्याय्य वाटते. एंगल यांना २००३ मध्ये क्लाइव्ह ग्रेंजर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एक-एक पदाचे रूप असे :

```
σ²(t) = ω + α·ε²(t-1) + β·σ²(t-1)
```

येथे `σ²` म्हणजे प्रचरण, `ω` हे स्थिर पद आणि `ε(t-1)` हा कालचा अनपेक्षित परतावा. `α` बातमीचा तात्काळ परिणाम दाखवतो, तर `β` स्मृती. दोघांची बेरीज १ पेक्षा कमी असेल, तर प्रचरण हळूहळू `ω/(1-α-β)` या दीर्घकालीन पातळीकडे परतते.

मार्च २०२० मधील सेन्सेक्स पाहावा. उदाहरणापुरते `ω` ०.०२, `α` ०.०९ आणि `β` ०.८९ धरू. दीर्घकालीन प्रचरण १ येते, म्हणजे दिवसाला १ टक्का प्रमाण विचलन. २३ मार्चला बाजार उघडण्यापूर्वीचा अंदाज ४ टक्के, म्हणजे प्रचरण १६ होते असे समजू. त्या दिवशी सेन्सेक्स १३.१५ टक्के कोसळला. या आकड्याचा वर्ग सुमारे १७३. म्हणून दुसऱ्या दिवसासाठी ०.०२ + १५.५६ + १४.२४ = २९.८२, म्हणजे ५.४६ टक्के. २४ तारखेला निर्देशांक केवळ २.६७ टक्के वर गेला, तरी पुढचा अंदाज ५.२ टक्क्यांवरच राहिला. २५ तारखेला ६.९८ टक्के वाढ झाली. एक बेताचा दिवस आला म्हणून वादळ सरले असे न मानणे, हेच `β` चे काम. या गुणांकांनुसार दीर्घकालीन पातळीच्या वरचे जादा प्रचरण निम्मे व्हायला सुमारे ३४ व्यवहारदिवस लागतात.

वरील सूत्रात धक्क्याचा वर्ग येत असल्याने घसरण आणि तेजी सारखीच मोजली जाते. निर्देशांकांत हे बहुधा खरे ठरत नाही; तेवढ्याच तेजीपेक्षा घसरणीनंतर अस्थिरता जास्त वाढते. भाव पडला की कंपनीच्या भांडवलात कर्जाचा वाटा वाढतो, हे त्याचे जुने स्पष्टीकरण. परिणामाचा आकार पाहता ते एकटे पुरेसे वाटत नाही. जोखीम वाढली की गुंतवणूकदार जास्त परतावा मागतात व त्यामुळे भाव आणखी उतरतात, हे दुसरे मतही विचारात घ्यावे लागते. कारण कोणतेही असो, नेल्सन यांचे ई-गार्च (१९९१) आणि ग्लॉस्टन, जगन्नाथन व रंकल यांचे प्रतिमान (१९९३) चिन्हाचा हा फरक सामावून घेतात.

अधिक फसवी बाब `α` व `β` यांच्या बेरजेची. दीर्घ मालिकांत ती ०.९८ ते ०.९९ इतकी येते आणि अस्थिरतेची स्मृती फार लांब असल्याचा समज होतो. लॅमुरू व लास्ट्रेप्स यांनी १९९० मध्ये दाखवले, की मालिकेच्या मध्येच दीर्घकालीन पातळी बदलली असेल आणि `ω` एकच धरला, तर ही बेरीज फुगते. पडताळणी सोपी आहे : मालिकेचे शांत व अशांत कालखंड वेगळे करून गुणांक पुन्हा काढावेत. प्रत्येक खंडात बेरीज लक्षणीय उतरली, तर लांब स्मृतीचा काही भाग कृत्रिम होता.

भारतात निर्देशांक वायद्यांच्या मार्जिनसाठी सेबीने नेमलेल्या जे. आर. वर्मा समितीने १९९८ मध्ये याचेच एक सोपे रूप सुचवले. त्यात कालच्या प्रचरणाला ०.९४ आणि परताव्याच्या वर्गाला ०.०६ भार होता व `ω` नव्हता. बेरीज नेमकी १ असल्याने अंदाजाला परतण्यासाठी ठरावीक पातळीच उरत नाही. मार्जिन रोज नव्याने काढले जात असल्याने तिथे हे चालून जाते. महिन्याभराच्या अंदाजासाठी ते वापरल्यास संकटाच्या दिवशीचा आकडा तसाच पुढे ओढला जातो.