फोर्डची बिलं आणि दहा वर्षांचे करार: आयटीतल्या ‘थॉट लीडरशिप’ची पार्श्वभूमी

१९८०च्या दशकात फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या बिलं चुकती करणाऱ्या विभागात पाचशेहून जास्त माणसं होती. खरेदी विभागाच्या ऑर्डरची प्रत तिथे यायची, गोदामातून माल मिळाल्याची पावती यायची आणि पुरवठादाराचं बिल यायचं. या तीन कागदांवरच्या चौदा गोष्टी जुळल्या की पैसे निघायचे. जुळल्या नाहीत की शोधाशोध सुरू, आणि विभागाचा बहुतेक वेळ त्या न जुळणाऱ्या कागदांतच जायचा. कॉम्प्युटर आणून माणसं वीस टक्क्यांनी कमी करावीत, असा फोर्डचा बेत होता. मग त्यांनी माझदाकडे पाहिलं. तिथे हेच काम पाच जण करत होते. माझदा लहान कंपनी हे खरं, पण तेवढ्यानं हिशेब जुळत नव्हता.

फोर्डनं मग बिलच काढून टाकलं. ऑर्डर थेट डेटाबेसमध्ये जाऊ लागली. माल आला की गोदामातला माणूस स्क्रीनवर ऑर्डर बघायचा, जुळत असेल तर माल उतरवून घ्यायचा आणि पैसे आपोआप निघायचे. चौदाऐवजी तीनच गोष्टी जुळवायच्या राहिल्या: पार्टचा नंबर, मोजमापाचं एकक आणि पुरवठादाराचा कोड. माणसं पंचाहत्तर टक्क्यांनी कमी झाली.

एमआयटीत कॉम्प्युटर सायन्स शिकवलेले मायकेल हॅमर यांनी ही गोष्ट १९९० साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये लिहिली. जुनी पद्धत तशीच ठेवून तिच्यावर कॉम्प्युटर चढवू नका, पद्धतच मोडा, हे त्यांचं म्हणणं; याला त्यांनी ‘रीइंजिनिअरिंग’ म्हटलं. आपल्या अभ्यासातून आलेली कल्पना लेख-पुस्तकांतून मांडायची आणि त्यातून गिऱ्हाइकाचा विश्वास मिळवायचा, याला आज आयटी कंपन्या ‘थॉट लीडरशिप’ म्हणतात. त्याचं माझ्या मते सर्वांत अभ्यासण्यासारखं उदाहरण या लेखापासून सुरू होतं.

कारण त्यामागची यंत्रणा. हॅमर यांची कंपनी आणि मॅसॅच्युसेट्समधली ‘इंडेक्स’ ही सल्लागार कंपनी मिळून ‘प्रिझम’ नावाचा संशोधन कार्यक्रम चालवत. मोठ्या कंपन्या त्याच्या सभासद होत्या आणि त्यांच्याच पैशावर तो चालायचा. म्हणजे ज्यांना पुढे सल्ला विकायचा, तेच आपल्या अडचणी आधी मांडायचे, आणि त्यांच्यात खरोखर काय चाललं आहे हे अभ्यासकांना जवळून दिसायचं. लेख ही या कामाची शेवटची पायरी होती. ही उतरंड मला फार महत्त्वाची वाटते, कारण पुढे बहुतेकांनी तेवढी शेवटची पायरीच उचलली.

१९८८ साली इंडेक्स ‘कॉम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशन’नं, म्हणजे सीएससीनं, विकत घेतली. सीएससी ही अमेरिकी सरकारसाठी मोठमोठ्या सिस्टिम बांधणारी कंपनी. नेमक्या त्याच सुमारास खासगी कंपन्या आपला अख्खा आयटी विभाग बाहेर द्यायला लागल्या होत्या. १९८९ साली कोडॅकनं आपली डेटा सेंटर आयबीएमकडे दिली. १९९१ साली जनरल डायनॅमिक्सनं सीएससीशी दहा वर्षांचा करार केला, सुमारे तीन अब्ज डॉलरचा. तो एका लेखामुळे मिळाला असं मी म्हणणार नाही, तसं सिद्ध करताच येत नाही. पण अशा करारात गिऱ्हाईक काय विकत घेतं ते बघा. हाताळून बघण्यासारखी वस्तू नसते. चुकलं तर दहा वर्षं अडकायचं असतं, आणि निर्णय एकट्या आयटी प्रमुखाचा नसतो. वित्त, कायदा, खरेदी, संचालक मंडळ, सगळे टेबलाभोवती असतात. आरएफपी, म्हणजे कंपन्यांकडून प्रस्ताव मागवणारा कागद, निघेपर्यंत कोणाला बोलवायचं याची यादी बरीचशी ठरलेली असते. त्या यादीत नाव यायला, आणि आयटी प्रमुखाला आतल्या लोकांसमोर ‘यांनाच का’ हे सांगायला, चांगला लेख कामी येतो. फोर्डच्या चौदा आणि तीनची गोष्ट वित्त प्रमुखालाही दोन मिनिटांत कळते.

१९९३ साली हॅमर आणि इंडेक्सचे प्रमुख जेम्स चॅम्पी यांचं ‘रीइंजिनिअरिंग द कॉर्पोरेशन’ हे पुस्तक आलं आणि प्रचंड खपलं. इंडेक्सचा धंदा काही वर्षांतच कित्येक पटींनी वाढला. साहजिकच पुढच्या पुस्तकाची घाई झाली. इंडेक्सशी जोडलेल्या दोन सल्लागारांचं पुस्तक १९९५ साली बेस्टसेलर यादीत चढलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘बिझनेसवीक’नं बातमी छापली की त्याच्या हजारो प्रती दुकानादुकानांतून ठरवून विकत घेतल्या गेल्या होत्या. लेखकांनी गैरप्रकार नाकारला, पण डाग बसला. दुसरीकडे ‘रीइंजिनिअरिंग’ म्हणजे नोकरकपात, असं लोकांच्या मनात पक्कं झालं होतं. फोर्डच्या गोष्टीतली पंचाहत्तर टक्के माणसं पुढे कुठे गेली, हा प्रश्न लेखाच्या वेळी फार कोणी विचारला नव्हता. आता तो उलटून आला. १९९६ साली चॅम्पी पेरो सिस्टिम्समध्ये गेले आणि पुढच्या काही वर्षांत इंडेक्स हे नाव बाजारातून गेलं.

‘थॉट लीडर’ हा शब्द व्यवस्थापनाच्या जगात रुळवण्याचं श्रेय सहसा जोएल कर्ट्झमन या संपादकांना देतात, आणि तो काळही हाच, १९९४च्या आसपासचा.

आपल्याकडच्या कंपन्या या वाटेला उशिरा आल्या, कारण सुरुवातीला त्यांना गरजच नव्हती. वायटूकेच्या, म्हणजे २००० साल लागण्याआधी जुन्या प्रोग्राममधल्या तारखा दुरुस्त करण्याच्या काळात काम स्वस्तात, वेळेवर आणि बिनचूक केलं की पुढचं मिळत होतं. पुण्यात १९८१ सालीच फकीरचंद कोहलींच्या पुढाकारानं टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र उभं राहिलं होतं. अभ्यास होत होता, पण तो गिऱ्हाइकाच्या संचालकांपर्यंत पोचवायचं काम वेगळं आहे हे नंतर उमगलं. २००४ साली बंगळुरूत इन्फोसिसचे तेव्हाचे प्रमुख नंदन निलेकणी पत्रकार थॉमस फ्रीडमन यांना म्हणाले की जगातलं मैदान आता सपाट होत चाललं आहे. त्यावरून पुढच्या वर्षी फ्रीडमन यांचं ‘द वर्ल्ड इज फ्लॅट’ आलं आणि इन्फोसिसनं ‘सपाट जगात जिंका’ अशा अर्थाची मोहीमच चालवली. करारही त्याच सुमारास लांबत आणि फुगत गेले. २००७ साली टीसीएसला नील्सन या बाजार-संशोधन कंपनीकडून मिळालेला करार दहा वर्षांचा आणि १.२ अब्ज डॉलरचा होता. एवढं काम देणाऱ्याला नुसता तासाचा दर पुरत नाही.

मी पुण्यात आयटी कंपन्यांसाठी असे पेपर लिहिण्याच्या कामात आहे, म्हणून या इतिहासातला एक दुवा मला रोज बोचतो. काही वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी पेपर लिहीत होतो. एका विमा कंपनीच्या दाव्यांचं काम आमच्या आर्किटेक्ट ताईंनी बदललं होतं. एक दावा सात टेबलांवरून फिरायचा, तो दोनवर आला. त्यांनी फळ्यावर सातही टेबलं काढून दाखवली, आणि तिसऱ्या टेबलावर कागद चार दिवस का पडून राहायचा तेही सांगितलं. पहिला खर्डा त्यावरच होता. मग तो कायदा विभागाकडे गेला. गोपनीयतेच्या करारामुळे गिऱ्हाइकाचं नाव गेलं, ते योग्यच होतं. पुढच्या फेरीत देश गेला. मग सात आणि दोन हे आकडे गेले, त्या जागी ‘लक्षणीय घट’ आलं. शेवटी तिसरं टेबलही गेलं.

ताईंनी छापील प्रत वाचली आणि विचारलं, “अहो, हे आपलंच काम आहे ना?”

तेव्हापासून मी नाव सोडून देतो, पण आकडे आणि टेबलं राहू द्यायची लेखी परवानगी लिहायला बसण्याआधीच गिऱ्हाइकाकडून मागतो. दहातले सहा-सात जण नाहीच म्हणतात. मग तो पेपर आम्ही लिहीत नाही.