एका गाडीच्या दोन हिशोबपट्ट्या : माग क्रमांकाने चूक कशी सापडते

जिनिंग मालक, मुनीम आणि काटा ऑपरेटर यांच्यासाठी माहितीपत्रक

या हंगामापासून काट्याच्या स्क्रीनवर उजवीकडे खाली बारीक अक्षरात एक क्रमांक दिसेल, उदाहरणार्थ `K2-1211-7f3a91c4`. छापील काटापट्टीवरही तो शेवटच्या ओळीत येईल. हा गाडी नंबर नाही आणि पट्टी नंबरही नाही. याला आम्ही माग क्रमांक म्हणतो. प्रोग्रामर मंडळी कोरिलेशन आयडी म्हणतात. तो कशासाठी आणला आणि तक्रार करताना त्याचा उपयोग कसा करायचा, ते या पत्रकात दिले आहे.

अडचण काय होती

कापसाची गाडी भरलेली तोलली, खाली करून पुन्हा तोलली, की ऑपरेटर "पट्टी करा" बटण दाबतो. तिथून पुढे एक प्रोग्राम काम करत नाही, चार करतात. काट्याचा प्रोग्राम वजन पाठवतो, हिशोबाचा प्रोग्राम दर आणि कटती लावून हिशोबपट्टी करतो, चुकाऱ्याचा प्रोग्राम रक्कम देण्याच्या यादीत टाकतो आणि एसएमएसचा प्रोग्राम शेतकऱ्याला निरोप देतो. पहिला तुमच्या काट्यावरच्या संगणकात आहे, बाकीचे सर्व्हरवर.

काही ठिकाणी शेकडो गाड्यांमागे एखाद्या गाडीच्या दोन हिशोबपट्ट्या निघतात. वजन तेच, दर तोच, फक्त बिल नंबर वेगळे. दुसऱ्या दिवशी तेच करून पाहावे तर काही होत नाही. रोज होणारी चूक पकडणे सोपे असते, अधूनमधून होणारी नाही. मग साहजिकच ऑपरेटरवर बोट जाते: "याने बटण दोनदा दाबले असेल." खरेच दाबले की नाही, हे जुन्या नोंदींवरून सांगता येत नव्हते. चारही प्रोग्राम आपापली नोंद लिहीत होते, पण कोणती ओळ कोणत्या गाडीची हे कळायला मार्ग नव्हता. सकाळी अकरा-बाराच्या गर्दीत एका मिनिटात तीन-चार गाड्यांच्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या असत.

दोन गोष्टी केल्या

पहिली, बटण दाबताच काट्याचा प्रोग्राम एक माग क्रमांक तयार करतो आणि पुढचे तिन्ही प्रोग्राम आपल्या प्रत्येक ओळीत तोच लिहितात. `K2` म्हणजे दुसरा काटा, `1211` म्हणजे १२ नोव्हेंबर, आणि पुढची आठ अक्षरे सोडतीसारखी, दर वेळी नवी. पट्टी नंबरच का नाही वापरला, असे कोणी विचारेल. पट्टी नंबर दर हंगामात १ पासून सुरू होतो, आणि दोन काटे असले की तोच नंबर दोन्हीकडे असू शकतो. शिवाय ऑपरेटरने खरेच दुसऱ्यांदा बटण दाबले तर पट्टी नंबर तोच राहील, माग क्रमांक मात्र नवा होईल. प्रोग्रामने आपणहून पुन्हा पाठवले तर माग क्रमांकही तोच राहतो. ऑपरेटरवरचा आळ खरा की खोटा, हे या एका फरकावरून ठरते. पट्टी नंबर आम्ही ओळीत वेगळा लिहितोच.

दुसरी, ओळी योग्य जागी टाकल्या. "हिशोब सुरू", "हिशोब झाला" अशा ओळी कितीही असल्या तरी कामाच्या नाहीत, कारण चूक बहुतेक वेळा दोन प्रोग्रामच्या मधल्या शिवेवर होते. म्हणून प्रत्येक शिवेवर दोन्ही बाजूंनी नोंद घेतली: देणाऱ्याने "पाठवले" लिहायचे, घेणाऱ्याने "मिळाले" लिहायचे, काम पक्के झाले की "साठवले", आणि उत्तर आले किंवा आले नाही तेही. सोबत किती मिलिसेकंद लागले आणि हा कितवा प्रयत्न, हे दोन आकडे.

एक उदाहरण, ओळ न ओळ

पट्टी नंबर ४१८७ च्या दोन हिशोबपट्ट्या निघाल्या, ९०५१ आणि ९०५२. माग क्रमांक टाकून शोधल्यावर असे दिसते:

```
11:42:07.310 kata   K2-1211-7f3a91c4 try=1 send    slip=4187
11:42:07.552 hishob K2-1211-7f3a91c4 try=1 recv    slip=4187
11:42:17.312 kata   K2-1211-7f3a91c4 try=1 timeout ms=10002
11:42:19.315 kata   K2-1211-7f3a91c4 try=2 send    slip=4187
11:42:19.561 hishob K2-1211-7f3a91c4 try=2 recv    slip=4187
11:42:21.930 hishob K2-1211-7f3a91c4 try=1 saved   bill=9051 lock_ms=14120
11:42:22.048 hishob K2-1211-7f3a91c4 try=2 saved   bill=9052 lock_ms=2370
```

वरून खाली वाचा. `send` म्हणजे पाठवले, `recv` म्हणजे मिळाले, `saved` म्हणजे साठवले, `timeout` म्हणजे उत्तर आले नाही आणि `try` म्हणजे कितवा प्रयत्न. माग क्रमांक सगळीकडे एकच आहे, म्हणजे बटण एकदाच दाबले गेले. काट्याने पाठवले आणि पाव सेकंदात हिशोबाला मिळाले, म्हणजे नेटही ठीक होते. काट्याचा प्रोग्राम १० सेकंद उत्तराची वाट पाहतो. उत्तर आले नाही, तेव्हा त्याने २ सेकंद थांबून `try=2` म्हणून पुन्हा पाठवले. पण पहिला प्रयत्न मेलेला नव्हता. एक काम नोंदी वापरत असताना डेटाबेस इतरांना थांबवून ठेवतो, त्यालाच कुलूप म्हणतात, आणि पहिला प्रयत्न त्या कुलपापाशी १४ सेकंद ताटकळत उभा होता. कुलूप उघडताच त्याने आपली पट्टी साठवली, आणि त्याच्या मागे रांगेत लागलेल्या दुसऱ्या प्रयत्नानेही.

हेच दुखणे नेटमुळे होते तेव्हा चित्र वेगळे असते. तेव्हा हिशोबाकडे `saved` एखाद्या सेकंदातच दिसते, उत्तर पाठवल्याची ओळही दिसते, आणि काट्याकडे मात्र `timeout`. म्हणजे काम झाले, उत्तर वाटेत हरवले. आणि काट्याकडे `send` आहे पण हिशोबाकडे `recv` नाहीच, तर निरोप पोहोचलाच नाही. वरून बघणाऱ्याला तिन्ही प्रकार "मशीन अडकली" असेच दिसतात.

कुलूप कोणी लावले होते

इथे माग क्रमांकाची मर्यादा येते, आणि ती आधीच सांगितलेली बरी. हा क्रमांक वाट पाहणाऱ्याची गोष्ट सांगतो, वाट अडवणाऱ्याची नाही. अडवणाऱ्याचा क्रमांक वेगळा असतो. त्यामुळे दुसऱ्या फेरीत क्रमांकाने नाही, वेळेने शोधावे लागते: ११:४२:०७ च्या आधी काय सुरू झाले आणि ११:४२:२१ च्या सुमारास काय संपले?

```
11:42:05.880 report M1-1211-c09e52d8 start
11:42:21.671 report M1-1211-c09e52d8 done ms=15791
```

मुनीमजींनी दिवसभराच्या आवकीचा गोषवारा काढला होता. तो तयार होईपर्यंत त्या दिवसाच्या नोंदींना कुलूप बसत होते. गर्दीच्या वेळी गोषवारा आणि काटा एकाच क्षणी गाठ पडणे क्वचित घडते, म्हणूनच चूकही क्वचित.

वेळेने शोधायचे तर सगळी घड्याळे जुळलेली हवीत. काट्याच्या जुन्या संगणकात मदरबोर्डवरचा छोटा सेल उतरलेला असतो. लाइन जाऊन आली की घड्याळ मागे पडते, आणि मग "मिळाले" ही ओळ "पाठवले"च्या आधीची दिसू लागते. असे दिसले की समजावे, घड्याळ चुकले आहे. विंडोजवर कमांड विंडो प्रशासक म्हणून उघडून हे द्यावे:

```
w32tm /resync
```

पुन्हा पुन्हा होत असेल तर सेल बदला. बहुतेक मशीनमध्ये २०३२ नंबरचा बटण सेल असतो.

उपाय काय केला

काहींनी सुचवले की १० सेकंदांऐवजी ३० करा. त्याने चूक आणखी दुर्मीळ होते, जात नाही. खरा उपाय म्हणजे एका काटापट्टीची दुसरी हिशोबपट्टी डेटाबेसने स्वीकारूच नये:

```
CREATE UNIQUE INDEX ux_bill ON bill (season, kata, slip);
```

यात माग क्रमांक मुद्दाम घेतलेला नाही. घेतला असता तर ऑपरेटरने घाबरून खरेच पुन्हा बटण दाबल्यावर नवा क्रमांक आला असता आणि दुसरी पट्टी निघालीच असती. आता दुसरा प्रयत्न आला की हिशोबाचा प्रोग्राम लाल अक्षरात त्रुटी दाखवत नाही, आधी झालेलीच पट्टी परत देतो. ज्यांच्या डेटात आधीच दुहेरी पट्ट्या आहेत, त्यांच्याकडे ही ओळ चालत नाही. तिथे आधी मुनीमजींसोबत बसून त्या निस्तराव्या लागतात, आणि चुकारा गेला असेल तर वेळ लागतो. गोषवाराही आता कुलूप न लावता निघतो.

तुमचा स्वतःचा प्रोग्राम जोडलेला असेल तर

खातेवहीचा वेगळा प्रोग्राम आमच्या हिशोबाशी जोडलेला असल्यास त्याच्या प्रोग्रामरला एवढे सांगा: आमच्याकडून आलेला हा हेडर जसाच्या तसा पुढे द्यावा, नवा बनवू नये.

```
X-Correlation-ID: K2-1211-7f3a91c4
```

नावात आडव्या रेघाच हव्यात. खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर, घातली तर एनजिनएक्स हा सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये तो हेडर काही न बोलता टाकून देतो, आणि दोन दिवस त्यातच जातात. काम रांगेत टाकून नंतर करायचे असेल, जसे एसएमएसचे, तर क्रमांक निरोपाच्या आतच लिहावा, कारण हेडर रांगेच्या पलीकडे जात नाही. एसएमएस पाठवणारी बाहेरची सेवा आमचा क्रमांक घेत नाही; ती स्वतःचा देते. आम्ही दोन्ही एकाच ओळीत लिहितो, म्हणजे "निरोप आलाच नाही" या तक्रारीचा माग त्यांच्या दारापर्यंत काढता येतो.

लॉगमध्ये काय असते, किती दिवस

आधार नंबर आणि बँक खाते लॉगमध्ये लिहिले जात नाही. मोबाईलचे शेवटचे चार आकडे असतात. दिवसाला ३०० गाड्या धरल्या आणि गाडीमागे २५ ओळी, तर साडेसात हजार ओळी होतात, साधारण १ एमबीच्या आत. म्हणून ६० दिवसांचा लॉग ठेवतो. त्याहून कमी ठेवून भागत नाही, कारण चुकारा हाती पडून शेतकरी तक्रार घेऊन येईपर्यंत कधी कधी बरेच दिवस गेलेले असतात.

लाइन अचानक गेली तर मेमरीत थांबलेल्या ओळी हरवतात. त्यासाठी काट्याची `send` ही ओळ आधी डिस्कवर पक्की होते, मगच वजन निघते. तरी काट्याला यूपीएस असू द्या.

फोन करताना

माग क्रमांक तोंडी सांगू नका. फोनवर बी, डी आणि ई सारखेच ऐकू येतात. काटापट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, शेवटची ओळ स्पष्ट येऊ द्या. पट्टी निघालीच नसेल तर स्क्रीनचा फोटो चालेल, पण प्रोग्राम बंद करण्याच्या आधी काढा, बंद केल्यावर क्रमांक स्क्रीनवरून जातो. तोही राहून गेला तर गाडी नंबर आणि अंदाजे वेळ कळवा. पाच-दहा मिनिटे इकडेतिकडे असली तरी सापडते, फक्त थोडा उशीर लागतो.