साप नसलेली सापशिडी

परभणी-हिंगोलीकडच्या कुठल्याही ओसरीवर शहाबादी फरशी असते आणि घरात चिंचोके असतात. चार वर्षांच्या लेकराला आकडे कळायला एवढं सामान पुरतं. अक्षरओळख लागत नाही.

खडूनं एका सरळ रेषेत दहा घरं आखा. डावीकडून उजवीकडं १ ते १० आकडे लिहा. चिंचोका दगडावर घासून एक बाजू पांढरी करा. पांढरी वर पडली तर एक घर पुढं, काळी पडली तर दोन. लेकराची एक सोंगटी, आईची किंवा बाबांची एक.

अमेरिकेत गीता रमानी आणि रॉबर्ट सीग्लर यांनी असाच दहा घरांचा पट गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांसोबत खेळून पाहिला. २००८ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठकींतच मुलांची आकड्यांची जाण सुधारली आणि नऊ आठवड्यांनंतरही ती टिकून होती. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेला पट खेळलेल्या मुलांत तसा फरक पडला नाही. याचं कारण असं मानतात की सरळ पटावर आठ हे घर चारापेक्षा दुप्पट लांब असतं, तिथं पोचायला वेळ जास्त लागतो आणि तोंडानं आकडेही जास्त म्हणावे लागतात. मोठा आकडा म्हणजे काय, हे लेकराच्या डोळ्यांना, हाताला आणि कानाला एकदमच कळतं.

सगळी मेख मोजण्यात आहे. समजा सोंगटी ४ वर आहे आणि चिंचोका काळा पडला. लेकरू सोंगटी सरकवत म्हणतं, “एक, दोन.” सोंगटी बरोबर ६ वर पोचते, पण घरांवरचे आकडे त्याच्या तोंडी आलेच नाहीत. इथंच शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाचं काम असतं. आईनं त्याचं बोट धरून म्हणावं, “आपण चारवर हाव ना? मग पाच... सहा!” आणि लगेच त्याच्याकडून म्हणून घ्यावं. रागावू नका. पुढच्या डावात ते पुन्हा “एक, दोन”च म्हणेल, तुम्ही पुन्हा सांगा.

बाजारातली सापशिडी या वयाला नको. तिच्या ओळी एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं वळतात, त्यामुळं पुढं म्हणजे कुठं हेच कळत नाही. शिवाय या वयाची मुलं दिसण्यावरूनच घाबरतात. ‘हा खोटा साप आहे’ असं समजावून फारसा उपयोग होत नाही. आमच्या पटावर जो आधी पोचेल तो १० वर थांबतो, दुसरा आला की डाव संपतो. चिंचोका मात्र डाव झाला की उचलून ठेवा, घरात रांगतं बाळ असेल तर नक्कीच.

उपयोग झाला का, हे पाहायला एक कोरी रेघ ओढा. एका टोकाला ०, दुसऱ्या टोकाला १० लिहा आणि विचारा, “सात कुठं येईल?” नुसतं पाठ म्हणणारं लेकरू कुठंही बोट ठेवतं. अर्ध्याच्या थोडं पुढं बोट गेलं, की पट वीस घरांचा करायला हरकत नाही.